बशीच्या कडेचे तीन चणे

मे महिन्यातली सकाळ. साडेसहालाच उन्हाला धार आलेली. बाबांच्या चहासोबत मी वाटीभर भाजलेले काबुली चणे ठेवले. आदल्या संध्याकाळी ओव्हनमधून काढले तेव्हा ते इतके छान झाले होते की भांड्यात ओतताना काचेच्या गोट्यांसारखे वाजले होते. मी आणि माझी लेक, आम्ही दोघींनी ओट्यापाशी उभ्याउभ्याच मूठ-मूठ खाल्ले. बाबा तेव्हा झोपले होते, म्हणून त्यांच्यासाठी स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवले. सकाळी त्यांनी पेपर वाचता वाचता एक तोंडात टाकला, बराच वेळ चावत राहिले, मग दुसरा. काही बोलले नाहीत. चहा संपला, ते उठून गेले, आणि कप-बशी उचलायला गेले तर बशीच्या कडेला तीन चणे ओळीने ठेवलेले. अर्धवट चावलेले, दातांच्या खुणा उमटलेले, पण तुटलेले नाहीत. मी वाटीतला एक उचलून तोंडात टाकला. वातड. रबराच्या खोडरबरासारखा दबत होता आणि सुटत नव्हता.

बाबा जेवणाला कधी नाव ठेवत नाहीत. आई होती तेव्हाही ठेवायचे नाहीत. आवडलं नाही तर ते असं कडेला ठेवून देतात, शिस्तीत, जणू नंतर कुणी मोजणार आहे. त्या तीन चण्यांनी मला दिवसभर स्वस्थ बसू दिलं नाही.

कारण हे चणे मी हौस म्हणून भाजले नव्हते. बाबा म्हणजे फुटाणे, असं आमच्या घरातलं समीकरण. ऑफिसातून येताना त्यांच्या कुडत्याच्या डाव्या खिशात कागदाची पुडी असायची. पुडी रस्त्यात फाटायची आणि फुटाणे खिशात सांडायचे. आई कपडे भिजवायच्या आधी खिसे उलटे करायची, त्यातून टरफलं निघायची आणि ती म्हणायची, "हा खिसा आहे की कोठी?" आता बाबा एकोणऐंशीचे आहेत, एप्रिलपासून माझ्याकडे राहायला आलेत आणि वरची पूर्ण कवळी आहे. फुटाणा त्यांना जात नाही. त्याची दोन दळं होतात, टणक फाक कवळीखाली जाऊन बसते आणि हिरडी सोलते. दात होते तेव्हा चणे नव्हते, अशी काही त्यांची गत नव्हती. त्यांच्याकडे दोन्ही होतं, चांगली साठ वर्षं. म्हणून आताचं नसणं त्यांना जास्त लागत असणार. काबुली चणा शिजवून मग भाजला की खुसखुशीत होतो, दाढेखाली भुगा होतो, हे मला एका मैत्रिणीकडे खाऊन कळलं होतं. तिने सांगितलेली रीत सोपी होती: शिजवलेले चणे पुसायचे, तेल-मीठ चोळायचं, 200 अंशांवर पंचवीस मिनिटं. मी तसंच केलं होतं.

पहिला संशय घरात सगळ्यांना एकच आला. सादळले. डब्याचं झाकण नीट लागलं नसेल. पण मे महिन्यात नागपुरात काही सादळतं का? गच्चीवर सकाळी घातलेल्या कुरडया दुपारी जेवणं उरकेपर्यंत खडखडीत वाजतात. धुतलेली चादर दोरीवर टाकून पिन शोधून येईपर्यंत तिचं टोक वाळलेलं असतं. बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे आणि हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. त्या हवेतून चण्याला पाणी मिळणार कुठून? मग मला कूलर आठवला. आमच्याकडे चार महिने कूलर रात्रंदिवस चालतो, वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून वारा ओढतो, आणि त्या खोलीतलं वर्तमानपत्रसुद्धा संध्याकाळपर्यंत लोळागोळा होतं. चणे मी त्याच खोलीत ताटात पसरून गार केले होते. चोर सापडला असं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच चणे तसेच भाजले आणि या वेळी कूलरपासून लांब, मागच्या बाल्कनीत, कोरड्या झळांमध्ये गार केले. गार झाल्याबरोबर डबाबंद. रात्री दहाला कुरकुरीत होते. सकाळी सहाला वातड.

म्हणजे पाणी बाहेरून आलंच नव्हतं. ते आतच होतं.

हे लक्षात आलं तेव्हा मला इतवारीतली भट्टी आठवली. लहानपणी बाबा सायकलच्या दांडीवर बसवून मला तिथे न्यायचे. काळ्या कढईत रेती तापलेली असायची, इतकी की वरची हवा हलताना दिसायची. भडभुंजा ओंजळ-दोन ओंजळी हरभरा त्यात टाकायचा, झाऱ्याने दोन-चार वळसे द्यायचा आणि ताडताड आवाज सुरू व्हायचा. मिनिटभरात सगळं चाळणीवर. रेती खाली, फुटाणे वर. मग हातातल्या पसरट मडक्याच्या बुडाने एक हलकी रगड दिली की सालं सुटायची. तो वास, तापलेल्या मातीचा आणि हरभऱ्याचा एकत्र, मला आजही कुठेही आला तरी पाय थांबतात. तेव्हा मी बघायचे फक्त ताडताड उडणं. आता मी मुद्दाम तिकडे गेले आणि एका जुन्या चणे-मुरमुऱ्याच्या दुकानात काकांना विचारलं, की काका, हरभरा भिजवून टाकता का? ते हसले. म्हणाले, "चन्याले पानी दाखवाचं असते ताई, पाजाचं नसते."

या एका वाक्यात माझी अर्धी चूक होती. फुटाण्याच्या हरभऱ्याला थोडं पाणी शिंपडतात, झाकून मुरवतात, कुणी त्याआधी एकदा गरमही करून घेतात. दाण्यात थोडकंच पाणी शिरतं. रेतीत पडल्यावर त्या पाण्याची एका झटक्यात वाफ होते, सालीला तडा जातो, दाणा आतून पोकळतो. रेती दाण्याला सगळीकडून बिलगलेली असते, त्यामुळे उष्णता तत्काळ आत जाते. सगळा खेळ मिनिटभराचा. माझा काबुली चणा मात्र रात्रभर भिजलेला आणि वर शिजलेला. त्याने पाणी प्यालं होतं, पोटभर. कोरड्या चण्याच्या वजनाच्या सव्वादोन पट भरतो शिजलेला चणा. म्हणजे ताटात पसरलेल्या त्या गुबगुबीत दाण्यांत निम्म्याहून जास्त पाणीच. आणि ओव्हनमध्ये रेती नाही, हवा आहे. हवा उष्णता सावकाश देते. एवढं पाणी झटक्यात उडवता येत नाही, ते सोसून, थोडंथोडं काढावं लागतं. मी फुटाण्याची घाई छोल्यावर चालवली होती.

आता आदल्या रात्री काय झालं असेल ते मला दिसायला लागलं. 200 अंशांच्या ओव्हनमध्ये चण्याचा वरचा थर आधी वाळला. जोवर थर ओला असतो तोवर त्याचं तापमान शंभराच्या आसपासच अडकून राहतं, सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तो वाळला की मग तापतो, तांबूस होतो, खमंग वास सुटतो. त्यात मी तेल आधीच चोळलं होतं, त्यामुळे वरचा रंग आणखी लवकर आला. पंचवीस मिनिटांत चणे सोनेरी दिसले, मी काढले. बाहेर पातळ कुरकुरीत कवच, आत अजून शिजलेल्या छोल्याचा ओलसर गाभा. गरम असताना खाल्ले तेव्हा दाताला कवचच लागलं आणि आम्ही दोघी खूश झालो. मग डब्याचं झाकण लागलं. रात्रभरात गाभ्यातलं पाणी हळूहळू बाहेरच्या कोरड्या कवचात सरकलं, सगळीकडे सारखं पसरलं. झाकण जितकं घट्ट, तितकं ते पाणी आतच कोंडलेलं. सकाळी बाबांच्या हातात जो चणा गेला तो ना शिजलेला होता, ना भाजलेला.

रंग बघून चणे काढायचे नाहीत, हे कळलं. मग काय बघून काढायचे?

उत्तर माझ्या ओट्यावरच होतं, केकसाठी घेतलेला छोटा वजनकाटा. तिसऱ्या खेपेला मी 125 ग्रॅम कोरडे काबुली चणे मोजून घेतले. आधीच्या दोन वेळा पाव किलो घेतले होते आणि माझ्या ओटीजीच्या एका ट्रेमध्ये ते एकमेकांच्या अंगावर बसत होते. दाण्याला दाणा चिकटला की मधली वाफ निघायला वाट राहत नाही, तिथे भाजणं थांबतं आणि उकडणं सुरू होतं. 125 ग्रॅमचे शिजवून एका थरात मोकळे बसतात, मध्ये बोट फिरेल इतके. दहा तास भिजवले. कुकरमध्ये छोल्यांना मी एरवी पाच-सहा शिट्ट्या देते, चिमूटभर खाण्याचा सोडाही टाकते. इथे सोडा नाही आणि शिट्ट्या दोनच, मग वाफ आपोआप उतरू दिली. दाणा दोन बोटांत दाबला तर दबावा, पण पिठूळ होऊन फुटू नये. फार शिजला की साल सुटते, दाणा फाटतो आणि भाजताना त्याचे कोपरे करपतात. शिजवायचंच कशाला, भिजवलेलेच भाजावेत, असंही मी एकदा करून पाहिलं. ते खडे झाले. बाबांपुढे ठेवायची हिंमतच झाली नाही. आधी शिजून आतला पिठूळपणा मोकळा झालेला असेल तरच वाळल्यावर तो दाढेखाली भुगा होतो.

चाळणीत निथळून वजन केलं, 275 ग्रॅम. मग वाळवणं. मैत्रिणीने सांगितलेलं 'पुसणं' म्हणजे नुसतं वरचं पाणी टिपणं. ते तर करायचंच. जुन्या सुती पंचावर पसरून वरून दुसऱ्या पंचाने हलक्या हाताने घोळायचे. घोळताना काही सालं सुटतात, ती वेचून टाकायची. सगळे चणे सोलत बसायचं कारण नाही, त्यात अर्धा तास जातो आणि फरक फारसा पडत नाही. पण जी साल सैल झालीच आहे ती मात्र काढावी, कारण तिच्याखाली पाणी दडून राहतं. यानंतर मी ते ताटात पसरून गच्चीवर नेले. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, वर आईच्या जुन्या साडीचा तुकडा टाकून, चार कोपऱ्यांवर चार वाट्या. आई याच कोपऱ्यात सांडगे घालायची. तिथे उभं राहिलं की टाकीच्या सिमेंटची झळ पाठीला लागते आणि खालून कुणाच्या तरी घरातल्या कैरीच्या फोडणीचा वास येतो. एक तास, बस. शिजलेला दाणा आहे, उन्हाळ्यात त्याला दोन-तीन तास विसरलात तर बोटांना चिकट लागतो आणि आंबूस वास मारतो. मग तो टाकून द्यायचा, भाजून वाचवायचा नाही. तासाभराने चण्यांची साल सुरकुतून निस्तेज झाली होती. ओला दाणा चमकतो. वाळलेला मळकट दिसतो, दुधाळ. वजन 250. पंचवीस ग्रॅम पाणी उन्हाने फुकट नेलं होतं.

हे वाचून कुणी म्हणेल, ओव्हन तर पाणी काढणारच आहे, मग आधी तासभर कशाला घालवायचा? मीही आधी हेच म्हणत होते. पण ओल्या चण्यांनी ट्रे भरून आत ढकलला की पहिली दहा-बारा मिनिटं ओव्हनच्या काचेवर नुसतं धुकं येतं. त्या वाफेत चण्याची साल पुन्हा मऊ पडते, ट्रेला चिकटते, हलवताना फाटते. कोरडी साल घेऊन आत गेलेला चणा पहिल्या मिनिटापासून भाजायला लागतो आणि ट्रे हलवला की गडगडतो. गडगडणं महत्त्वाचं आहे. जो दाणा एका बाजूवर बसून राहिला त्याला एक काळा डाग पडतो आणि दुसरी बाजू पांढरी राहते.

ओव्हन आधी 200 अंशांवर दहा मिनिटं तापवला. चणे आत, तेल न लावता. वीस मिनिटं, दर सात-आठ मिनिटांनी ट्रे हलवून. बाहेर काढून वजन केलं, 185. रंग अजून फिकाच होता. आता एक छोटा चमचा तेल आणि मीठ चोळलं, आणि आच 160 वर आणली. बाबांसाठी केलेला सगळा बदल खरं तर इथेच आहे. 200 वरच ठेवले असते तर गाभ्यातलं पाणी बाहेर येईपर्यंत कवच करपलं असतं. करपलेला चणा कडू लागतो, नुसता वरून नाही, गिळल्यानंतरही घशात ती चव राहते. 160 वर कवच थांबतं आणि गाभा त्याला गाठतो. पंचवीस मिनिटांनी रंग गव्हाळ तांबूस झाला. वजन, तेल धरून, 132. मागच्या खेपेचे चणे याच रंगावर मी काढले असते आणि खुशीत डबा भरला असता. आता काट्याकडे बघितलं. कोरडे होते तेव्हा 125 होते, आणि कोरड्या चण्यातही थोडं पाणी असतंच, दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तेल धरूनसुद्धा वजन 125 च्या खाली उतरायला हवं. अजून पाणी आहे. ओव्हन बंद केला, दारात लाकडी उलथनं अडकवून बोटभर फट ठेवली आणि चणे आतच राहू दिले. अर्धा तास. उरलेल्या उबेत, वाफेला बाहेर जायला वाट ठेवून, ते स्वतःच वाळत राहिले. काढले तेव्हा काटा 117 वर थांबला.

काटा नसेल तर एक दाणा बाहेर काढून थंड फरशीवर दोन मिनिटं ठेवायचा, मग फोडायचा. गरम दाण्यावर विश्वास ठेवायचा नाही. चांगला भाजलेला गरमागरम असताना जरा लवचीक लागू शकतो आणि कच्चा गरम असताना कुरकुरीत भासतो. गार झाल्यावर दोन्ही खरं बोलतात. फोडलेल्या दाण्याचा गाभा फिकट, कोरडा, खडूसारखा दिसला की झालं. मध्ये गडद, मेणचट ठिपका दिसला तर तिथे पाणी आहे. आवाजही सांगतो. ट्रे हलवल्यावर सुरुवातीला धप्प-धप्प वाजतं, मग टक-टक, आणि शेवटी एक हलका, पोकळ खळखळाट येतो, वाळलेल्या शेंगेतल्या बियांसारखा. चार-पाच वेळा केल्यावर मला काट्याआधी कानाला कळायला लागलं.

मसाला शेवटी. भिवापूरच्या मिरचीचं तिखट आमच्या घरात डब्याडब्याने असतं, आणि मधे एका खेपेला ते मी सुरुवातीलाच तेलासोबत चोळलं होतं. 200 अंशांत तिखट काळं पडलं, घरभर ठसका उठला, लेक खोकत गॅलरीत पळाली. आता ओव्हन बंद केल्यावर, चणे गरम असताना आणि अंगावर तेलाचा ओशटपणा असताना तिखट, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर आमचूर भुरभुरवते. बाबांचा वाटा मात्र वेगळा, फक्त काळं मीठ.

लेकीकडे एअर फ्रायर आहे. तिचं म्हणणं, एवढा पसारा कशाला, यात वीस मिनिटांत होतं. खरंच होतं. तिथे पंखा गरम हवा वरून जोरात फिरवतो, त्यामुळे पाणी लवकर निघतं. एवढेच चणे तिच्या बास्केटमध्ये बसतात. 190 अंशांवर दहा मिनिटं, मग तेल, मग 160 वर दहा-बारा मिनिटं, दर चार-पाच मिनिटांनी बास्केट हलवून. शेवटी बास्केट अर्धवट ओढून ठेवून दहा मिनिटं तसंच सोडायचं. पण तिथे वाळवण्यात कुचराई अजिबात चालत नाही. तिने एकदा थेट चाळणीतले चणे टाकले आणि पाचव्या मिनिटाला आत ताडताड सुरू झालं. उष्णता इतक्या वेगात गेली की आतल्या पाण्याची सालीखालीच वाफ झाली आणि दाणे फुटले. इतवारीच्या कढईत जे हवं असतं ते इथे नको असतं, कारण शिजलेला दाणा फुटला की पोकळ होत नाही, त्याचा लगदा उडतो आणि भिंतीला चिकटतो. सैल सालं वाऱ्याने उडून वरच्या तापलेल्या कॉइलवर गेली आणि धूर झाला. मला स्वतःला ओव्हनचे चणे जास्त आवडतात, ते सगळे सारखे होतात. एअर फ्रायरमध्ये वरचे थोडे गडद, खालचे थोडे फिके राहतात. पण एका वाटीपुरते करायचे असतील आणि बाहेर पारा पेटलेला असेल तर तासभर ओटीजी चालवण्यापेक्षा तो बरा, हे मान्य करायला हवं.

पावसाळ्याचा प्रश्न उरला होताच. जुलैत गच्ची नाही, हवा ओलीचिंब, पंचावर पसरलेले चणे दोन तासांनीही चमकतच होते. तेव्हा मी ताट न झाकता रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. फ्रिजमधली हवा कोरडी असते, उघडी राहिलेली पोळी तिथे कशी पापड होते ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. सकाळी चणे अगदी मे महिन्यातल्यासारखे मळकट, सुरकुतलेले. भाजून, पूर्ण गार करून, घट्ट डब्यात भरले. आता मात्र झाकण घट्टच हवं, कारण आता पाणी बाहेर होतं. डबा चार वेळा उघडल्यावर तिसऱ्या दिवशी ते खरोखरचे सादळले. सादळलेले आणि वातड यात फरक आहे. सादळलेल्याचा गाभा कोरडाच असतो, वरचं कवच तेवढं मऊ पडतं, आणि 160 अंशांवर पाच मिनिटं फिरवले की ते पुन्हा जागेवर येतात. वातड झालेल्याला पाच मिनिटं पुरत नाहीत. त्याला मधलं राहिलेलं सगळं भाजणं द्यावं लागतं, वीस-पंचवीस मिनिटं, आणि तरी तो जरा टणक होतो.

117 ग्रॅमच्या त्या चण्यांबद्दल सांगायचं राहिलं. संध्याकाळी भाजले, पण कुणालाही हात लावू दिला नाही. रात्रभर डब्यात ठेवले, कारण मला त्यांची सकाळच बघायची होती. सकाळी बाबांसमोर वाटी ठेवली आणि मी स्वयंपाकघरातच थांबले, दाराआड. पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. मग 'कुर्र'. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा. कवळीवर चणा फुटण्याचा आवाज दातांवर फुटण्यापेक्षा वेगळा असतो, जरा घुमतो. मी पाच मोजले, मग मोजायचं सोडलं. बाहेर आले तेव्हा बशी कोरडी होती, कडेला काही नव्हतं. बाबा पेपरातून वर न बघता म्हणाले, "बेटा, हे इतवारीतून आणले का?"

"नाही बाबा, घरचेच आहेत."

"हं," म्हणाले, आणि वाटीतले उरलेले चणे ओंजळीत घेऊन कुडत्याच्या डाव्या खिशात टाकले. काठी घेतली, चपला घातल्या आणि अंबाझरीकडे फिरायला निघाले. फाटकापर्यंत त्यांचा खिसा वाजत होता.

कपडे भिजवताना खिसे उलटे करायची सवय मला नाही, ती आईची होती. परवा बादलीतून त्यांचा कुडता पिळायला काढला तर डाव्या खिशात काहीतरी हाताला लागलं. दोन चणे होते. रात्रभर पाण्यात राहून फुगले होते, पुन्हा गुबगुबीत, बोटांनी दाबले तर सहज दबत होते. ते मी बाल्कनीच्या कठड्यावर ठेवले. ऊन होतं. कुडता झटकून दोरीवर टाकला, बाही सरळ केली आणि वळून पाहिलं तर त्यांची साल सुरकुतायला लागली होती.